जुने पेपर आणि येणारा महिना: दहावीच्या पालकांना पत्र

या महिन्यात आमच्या सदरात लेख नाही, पत्र आहे. परभणीत आम्ही तिघे शिक्षक शाळा सुटल्यावर, असरनंतर दीड तास, मोहल्ल्यातल्या दहावीच्या मुलामुलींना गणित शिकवतो. फी नाही. बसायला एका भल्या माणसाने दुकानामागची खोली दिली आहे. यंदा वर्गात बावीस जण आहेत. सतरा उर्दू माध्यमाचे, पाच मराठीचे. दरवर्षी जानेवारीत आम्ही त्यांच्या घरी एक पत्र पाठवतो. गेल्या वर्षीचे पत्र फिरत फिरत जिंतूर आणि पाथरीपर्यंत गेले, आणि तिकडून विचारणा आली की हे छापत का नाही. म्हणून यंदाचे पत्र इथे देत आहोत.

मोहतरम पालक,
अस्सलामु अलैकुम.

दहावीची परीक्षा 20 फेब्रुवारीपासून आहे. 11 जानेवारी ते 8 फेब्रुवारी या काळात आपल्या वर्गात नवा धडा शिकवला जाणार नाही. या चार आठवड्यांत आम्ही गणित भाग 1, म्हणजे बीजगणिताचे बोर्डाचे जुने पेपर घेऊन बसणार आहोत. भूमितीचा सराव शाळेत चालू आहे, तो तसाच चालू राहील. जुने पेपर म्हटले की घरोघरी एकच समज असतो, की त्यातून ‘येणारे प्रश्न’ कळतात. आम्ही ते त्यासाठी वापरत नाही. कशासाठी वापरतो हे तुम्हाला आधीच माहीत असावे, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुम्ही म्हणाल की मुले रोज एकच प्रश्न काय घेऊन बसली आहेत.

आधी आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही असा अंदाज बांधला होता. तीन-चार वर्षांचे पेपर समोर ठेवून आम्ही मुलांना सांगितले की अमुक धड्यावरचा मोठा प्रश्न नुकताच येऊन गेला आहे, यंदा त्यावर जोर देऊ नका. परीक्षेत त्याच धड्यावर चार गुणांचा प्रश्न आला. शिवाय पहिल्या प्रश्नातही त्या धड्याचे एक-एक गुणाचे उपप्रश्न होते. एक मुलगा आमच्या शब्दावर तो धडा पूर्ण सोडून बसला होता. तो थोड्या गुणांनी नापास झाला आणि जुलैमध्ये पुन्हा बसला. त्याच्या वालिदांनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच जास्त लागले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात अंदाज बंद आहे.

अंदाज का चालत नाही, हे पेपरच्या रचनेतच दिसते. पेपर 40 गुणांचा असतो, पण पर्याय धरून एकूण 60 गुणांचे प्रश्न छापलेले असतात. म्हणजे 20 गुणांचे प्रश्न सोडायची मुभा असते. ही मुभा ऐकायला मोठी वाटते. पण पहिला प्रश्न आठ गुणांचा आहे. चार बहुपर्यायी आणि चार छोटे. त्यात पर्याय नाही, सगळे सोडवावेच लागतात, आणि ते सगळीकडून घेतलेले असतात. पुस्तकात धडे अवघे सहा आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. सहापैकी एक टाकला की निवडीची मुभा त्या एका धड्यातच खर्च होते. मग बाकीच्या धड्यांतला एखादा अवघड प्रश्न सोडून देण्याची सोय उरत नाही.

आता कोणते पेपर घेणार ते सांगतो, कारण बाजारात मिळणाऱ्या गठ्ठ्यात सगळे सरमिसळ असते. दहावीचे सध्याचे पुस्तक जून 2018 मध्ये आले आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च 2019 मध्ये झाली. म्हणून 2018 किंवा त्याआधीचे पेपर आम्ही घेत नाही. त्यांची मांडणीही वेगळी होती आणि जीएसटीचे प्रश्न त्यात असणे शक्यच नव्हते. 2021 चा मुख्य परीक्षेचा पेपर कोणी देऊ केला तर घेऊ नका. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली होती. मार्च 2022 चा पेपर खरा आहे, पण तेव्हा अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केलेला होता आणि 40 गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटे जादा दिली होती. तो सरावाला चांगला, मोजमापाला नाही. त्या पेपरवर मुलाला 30 पडले म्हणून घरात खुश होऊ नये. उरले 2019, 2020, 2023, 2024 आणि 2025 चे मार्चचे पेपर आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेचे काही. एवढे पुष्कळ झाले.

जीएसटीबद्दल एक सूचना इथेच देतो. गेल्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंना आता उरले नाहीत. पण पुस्तकात आणि जुन्या पेपरांत ते दर आहेत. ज्यांचे वडील दुकान चालवतात ती मुले हटकून म्हणतात की सर, हा दर चुकीचा आहे. मुलाने प्रश्नात दिलेला दर घ्यायचा, दुकानातला नाही.

या पेपरांपैकी 2024 आणि 2025 चे मार्चचे पेपर आम्ही कुलपात ठेवले आहेत. तुमच्याकडे मोठ्या भावाचा किंवा शेजारच्या आपाचा तो पेपर पडला असेल तर कृपया मुलाला देऊ नका. त्याचे कारण पुढे येईल.

पहिला पेपर रविवारी 11 जानेवारीला सकाळी अकरा वाजता होईल. परीक्षा अकरालाच असते आणि 2023 पासून शेवटी दहा मिनिटे जास्त मिळतात, म्हणून आम्हीही एक वाजून दहा मिनिटांनी पेपर घेऊ. हा पेपर मार्च 2023 चा आहे. त्यासाठी वेगळी तयारी करायची नाही. मुलांचे गुण कमी येतील, यायलाच हवेत. आम्हाला गुण नको आहेत. गेलेले गुण कुठे गेले, ते पाहायचे आहे.

तपासल्यावर प्रत्येक मुलाच्या वहीत आम्ही चार रकाने आखतो: ‘येत नव्हते’, ‘वाचताना चुकले’, ‘सोडवताना घसरले’, ‘वेळ पुरला नाही’. गेलेला प्रत्येक गुण, अर्धा असला तरी, या चारपैकी एका रकान्यात जातो. कोणत्या रकान्यात टाकायचा ते मूलच ठरवते, आम्ही शेजारी बसतो. हे काम पेपर सोडवण्याहून जास्त वेळ घेते. पहिल्या आठवड्याचे उरलेले दिवस याच कामात जातात.

गेल्या वर्षीच्या एका मुलीचा पहिला पेपर सांगतो. तिला 40 पैकी 19 होते. घरचे म्हणाले, अर्धेच येते, गणित तिच्या डोक्यात शिरत नाही. तिच्या अब्बूंनी तर ठरवूनच टाकले होते की गणितात अडकली तर पुढे शिकवायचे नाही, शिवणकाम शिकेल. तिचे गेलेले 21 गुण आम्ही रकान्यांत मांडले. येत नव्हते म्हणून गेलेले फक्त सहा. वाचताना चुकून पाच, सोडवताना घसरून सहा आणि वेळ पुरला नाही म्हणून चार. म्हणजे 21 पैकी 15 गुण तिला येत असलेल्या गणितात गेले होते. हा आकडा दाखवायला आम्ही तिच्या घरी गेलो. अब्बूंनी वही दोनदा उलटसुलट पाहिली आणि विचारले, “मग हिला येतं?” आम्ही म्हटले, येते, पण कागदावर उतरत नाही.

तिचे ‘सोडवताना घसरले’ म्हणजे नेमके काय होते? पेपरातल्या प्रश्नाच्याच चालीवर आम्ही बनवलेले एक उदाहरण घेऊ. आई आणि मुलीच्या आजच्या वयांची बेरीज 50 आहे. पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होते. तर दोघींची आजची वये काढा. मुलीचे वय x आणि आईचे y धरले की पहिले समीकरण सरळ आहे:

x + y = 50

पाच वर्षांपूर्वी मुलगी x − 5 वर्षांची होती आणि आई y − 5. म्हणून दुसरे समीकरण:

y − 5 = 4(x − 5)

इथपर्यंत तिचे अगदी बरोबर होते. पुढच्या ओळीत तिने कंस सोडवताना चारने x ला गुणले आणि 5 ला गुणायचे राहिले. तिने लिहिले y − 5 = 4x − 5. दोन्हीकडचे 5 गेले आणि y = 4x उरले. मग x = 10 आणि y = 40. बेरीज 50. उत्तर इतके गोलमटोल आले की शंका यायला जागाच उरली नाही. तिने खाली दोन रेघा मारल्या आणि पुढे गेली.

बरोबर ओळ अशी हवी होती:

y − 5 = 4x − 20

म्हणजे y = 4x − 15. ते पहिल्यात घातले की 5x = 65, मुलगी 13 वर्षांची आणि आई 37 वर्षांची. पाच वर्षांपूर्वी 8 आणि 32. चौपट.

या चुकीत पाहण्यासारखी गोष्ट ही की तिचे चुकलेले उत्तरही एका अटीत बसते. 10 आणि 40 ची बेरीज 50 च होते. मुले ताळा करतात तेव्हा पहिलीच अट पाहतात, कारण ती सोपी असते. दुसरी अट पाहिली असती तर पाच वर्षांपूर्वी 5 आणि 35 आले असते, म्हणजे सातपट, आणि चूक तिथेच सापडली असती. म्हणून आमच्या वर्गात आता नियम आहे: शाब्दिक उदाहरणात ताळा दुसऱ्या अटीने करायचा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

याच उदाहरणात गुण कसे वाटले जातात तेही कळते. असे उदाहरण तीन गुणांचे असेल तर आम्ही वये मानून लिहिल्याचा अर्धा, पहिल्या समीकरणाचा अर्धा, दुसऱ्याचा अर्धा, त्याला सोपे रूप दिल्याचा अर्धा आणि दोन उत्तरांचा अर्धा-अर्धा गुण देतो. कंस चुकलेल्या मुलीलाही त्यामुळे दीड गुण मिळाला. शेजारच्या मुलाने मात्र मनात अंदाज करून 13 आणि 37 एवढेच लिहिले होते. उत्तर बरोबर, पण आम्ही त्याला एकच गुण दिला. तो रुसला. घरी येऊन त्याने सांगितले असेल की सरांनी बरोबर उत्तराचे गुण कापले. आता तुम्हाला कारण कळले.

‘वाचताना चुकले’ या रकान्याचे आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांशी वेगळे नाते आहे. घरी आपण बोलतो दखनी. आपण म्हणतो, पाँच साल पहले. पेपरात छापलेले असते ‘पाँच साल क़ब्ल’. मुलाला क़ब्ल माहीत असतो, पण घाईत डोळा त्यावरून घसरतो आणि तो पाच वर्षांनंतरचे वय धरून वजाच्या जागी अधिक करून बसतो. तसाच ‘बित्तरतीब’ हा शब्द. मराठीत त्याला ‘अनुक्रमे’ म्हणतात. दोन संख्या बित्तरतीब दिल्या असतील तर पहिली पहिल्याची आणि दुसरी दुसऱ्याची. तो शब्द सुटला की दोन्ही आकडे उलटे बसतात. असे पंधरा-वीस शब्द आहेत. दुसऱ्या आठवड्यात मुले जुन्या पेपरांतून ते स्वतः गोळा करतील आणि वहीच्या शेवटच्या पानावर उर्दूत, मराठीत आणि घरच्या बोलीत लिहितील. हे पान तुम्ही घरी विचारू शकता, त्याला गणित यावे लागत नाही.

वाचण्यातच मोडणारी आणखी एक जागा आहे. पेपरच्या डोक्यावर सूचना असतात आणि त्या कोणीच वाचत नाही. त्यात लिहिलेले असते की बहुपर्यायी प्रश्नात पहिल्या प्रयत्नाचेच मूल्यमापन होईल. मुले काय करतात? आधी (B) लिहितात, मग खोडून खाली (C) लिहितात आणि समजतात की दुरुस्त झाले. पहिल्यांदा लिहिलेले तेच धरले जाते. वरच्या मुलीचा एक गुण असाच गेला होता. म्हणून बहुपर्यायी प्रश्नाचे आकडे आधी कच्च्या कामात करायचे आणि अक्षर मागाहून लिहायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्ण पेपर नसेल. आम्ही 2019, 2020, 2022 चे मार्चचे पेपर आणि जुलैचे पेपर कात्रीने कापतो. सगळ्या पेपरांचे पहिले प्रश्न एका पाकिटात, दुसरे दुसऱ्यात, असे. एका संध्याकाळी एकच पाकीट उघडते. सगळ्या वर्षांचे पहिले प्रश्न ओळीने सोडवले की मुलाला आपोआप दिसते की आकडे बदलतात, पण मागणी तीच राहते. कुठे निश्चयकाची किंमत, कुठे श्रेढीचे पुढचे पद, कुठे फासा टाकल्यावरचा नमुना अवकाश. हे आम्ही सांगून पटत नाही, हाताखालून गेल्यावर पटते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही कृतीच्या प्रश्नांना देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात चौकटी भरायच्या कृती असतात, दोन्ही मिळून सात गुणांच्या. हुशार मुले त्यांना कमी लेखतात. म्हणतात, निम्मे तर छापलेलेच आहे. पण कृती म्हणजे दुसऱ्या कोणीतरी सुरू केलेले गणित पुरे करणे. आपल्या रीतीने केले तर उत्तर येते, चौकटीत बसत नाही. त्यामुळे आधी छापलेल्या ओळी शेवटपर्यंत वाचायच्या, नंतरच पहिली चौकट भरायची. आणि उत्तरपत्रिकेत नुसते चौकटीतले आकडे न लिहिता पूर्ण कृती उतरवायची.

इथे झेरॉक्सबद्दल एक तक्रार, आणि ती आमच्याबद्दलच आहे. उर्दूत छापलेले मूळ पेपर फार कमी मिळतात. एका मुलाकडचा पेपर सगळे झेरॉक्स करतात, त्या झेरॉक्सचा पुन्हा झेरॉक्स होतो. तिसऱ्या खेपेला चौकटीच्या रेषा पुसट होतात आणि वजाबाकीचे चिन्ह गायब होते. गेल्या वर्षी एका वर्गसमीकरणातले वजाचे चिन्ह असेच गेले आणि दहा मुले अर्धा तास अवयव शोधत बसली, ते निघणारच नव्हते. आम्हीही आधी लक्ष दिले नाही, मुलांनाच बोललो. यंदा सगळे पेपर आम्ही मूळ प्रतीशी ताडून, पुसट चिन्हे पेनाने गडद करून दिले आहेत. तरी मुलगा म्हणाला की सुटतच नाही, तर त्याला आळशी म्हणण्याआधी कागद उजेडात धरून बघा.

चौथ्या आठवड्यासाठी ते कुलपातले दोन पेपर आहेत. 2024 चा रविवारी 1 फेब्रुवारीला आणि 2025 चा 8 फेब्रुवारीला, दोन्ही अकरा वाजता. मुलाने हे पेपर आधी पाहिलेले नसावेत, हीच त्यांची किंमत. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा दर पेपरात 33, 34 घेत होता. आम्ही खुश, घरचेही खुश. मग आम्ही त्याला एक न पाहिलेला पेपर दिला आणि त्याला 14 पडले. त्याच्याकडे सोडवलेल्या पेपरांचे पुस्तक होते आणि तो रात्री उत्तरे पाठ करून सकाळी लिहीत होता. त्याने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला तीच मेहनत वाटत होती, आणि मेहनत होतीही. पण एकच पेपर दुसऱ्यांदा सोडवल्यावर आलेले गुण म्हणजे स्मरणाचे गुण. म्हणून अपेक्षित प्रश्नसंच विकत घेऊ नका, आणि घेतला असेल तर त्यातली उत्तरांची पाने पिन मारून बंद करा.

वेळेचेही या दोन पेपरांत पाहू. 40 गुणांना 120 मिनिटे, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. चार गुणांच्या प्रश्नावर बारा मिनिटे झाली आणि वाट दिसत नसेल तर तिथे जागा सोडून पुढे जायचे. वरच्या मुलीने सांख्यिकीच्या एका सारणीवर बेरीज जुळेना म्हणून पस्तीस मिनिटे घालवली होती, आणि सोपे प्रश्न मागे राहिले. गणकयंत्र चालत नाही, त्यामुळे अशी बेरीज अडते. त्या वेळी पुन्हा पहिल्यापासून बेरीज करण्यापेक्षा गुणाकाराचा रकाना तपासावा, चूक बहुधा तिथे असते.

तिचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तीन आठवड्यांनी न पाहिलेल्या पेपरात तिला 28 पडले. ‘येत नव्हते’च्या रकान्यात तेव्हाही पाच गुण होते. तो रकाना एका महिन्यात फारसा हलत नाही, हे आम्ही लपवत नाही. ज्या मुलाचे निम्म्याहून जास्त गुण त्याच रकान्यात असतील त्याला आम्ही जुन्या पेपरांतून बाहेर काढतो आणि पुस्तकातली सोडवलेली उदाहरणे देतो. त्याला पेपर देत राहणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला रोज वेगवेगळ्या विहिरीत ढकलणे. यंदा असे तीन-चार जण निघतील. तुमचे मूल त्यात असेल तर आम्ही घरी येऊन बोलू. मुलगी बोर्डात पास झाली, गणितात शंभरात 61. आता ती अकरावीला आहे आणि शिवणही शिकते.

तुमच्याकडून आम्हाला तीन-चार गोष्टी हव्या आहेत. या महिन्यात मुलाला ‘किती पडले’ असे विचारू नका. वही उघडा आणि चार रकान्यांतला कोणता लहान झाला ते पाहा. दर रविवारी रकान्यांखाली पालकांची सही असेल. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण तो वही पाहून द्या.

पेपरांच्या तीन रविवारी सकाळी मुलींना घरकामातून मोकळे ठेवा. हे आम्ही मुद्दाम लिहितो. गेल्या वर्षी दोन मुली साडेअकराला आल्या, कारण पाहुणे होते आणि भाकरी थापायच्या होत्या. त्यांच्या ‘वेळ पुरला नाही’ या रकान्याला मग काही अर्थच राहिला नाही.

यंदा परीक्षा सुरू होते त्याच सुमारास रमजानही सुरू होईल, चाँद दिसेल त्याप्रमाणे. बहुतेक पेपर रोजाच्या दिवसांत येतील. म्हणून अकराची सवय महत्त्वाची आहे. सहरीनंतर फजर पढून दीड-दोन तास झोप आणि मग फक्त शब्दांचे पान व सूत्रे चाळणे, एवढेच सकाळी ठेवायचे. नवीन गणित सकाळी नको. तरावीहनंतर रात्री दोनपर्यंत जागून पेपर सोडवणे तर अजिबात नको.

प्रत्येकी झेरॉक्सचे साठ रुपये होतात. ज्यांना जमणार नाही त्यांनी कोणालाही न सांगता तसेच यावे, तो हिशेब आम्ही तिघांत मिटवतो. 11 तारखेला मुलांनी पावणेअकराला पोचावे. सोबत दोन निळे पेन, पेन्सिल, पट्टी आणि साधे काट्याचे घड्याळ असावे. मोबाइल घरी ठेवावा.

वस्सलाम,
तुमच्या मुलांचे गणिताचे शिक्षक